ग्रिलच्या सांध्यावरचा काळा थर आणि एक फिरता निरोप

«नवीन ग्रिलच्या वेल्डिंगवरचा काळा थर काढू नका, तोच सांध्याला गंजापासून वाचवतो. जुन्या ग्रिलचा गंज घासण्यात पैसे घालवू नका, रेड ऑक्साइड म्हणजे गंजच, तो गंजात मुरून पक्का होतो. प्रायमरमध्ये थोडे डिझेल घाला आणि एकच जाड हात द्या. गॅल्व्हनाइज्ड पाइपला तर रंग लागतच नाही.»

हा निरोप सोसायट्यांच्या गटांतून फिरत असतो आणि एरवी मी तो वाचून सोडून दिला असता. पण माहीमला राहणाऱ्या माझ्या वहिनींनी तो फॅब्रिकेटरला दाखवला, त्यानेही काम वाचले म्हणून सांधे तसेच सोडून वर प्रायमर मारला, आणि पहिल्याच पावसाळ्यात खिडकीच्या ग्रॅनाइटवर तपकिरी ओघळ उतरले. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिला मुद्दा सर्वांत घातक असल्यामुळे तो आधी घेतो. वहिनींच्या ग्रिलमध्ये उभे चौकोनी बार आणि आडव्या पट्ट्या आहेत. ओघळ सुरू होतात ते फक्त बार आणि पट्टी जिथे जोडले आहेत तिथून. दोन सांध्यांमधला सरळ बार अजून धड आहे. प्रायमर तोच, रंग तोच, पाऊसही तोच. म्हणजे दोष रंगाच्या डब्यात नसून सांध्यावर रंगाखाली जे राहिले त्यात आहे. मी चाकूचे टोक एका सांध्याच्या कडेला दाबले, तेव्हा रंगासकट काचेसारखी ठिसूळ कपची उडाली आणि तिच्या खाली ओलसर तपकिरी पूड निघाली.

ती कपची म्हणजे स्लॅग. वेल्डिंगच्या रॉडवर खनिजांचे जे आवरण असते ते धातूबरोबर वितळते, वितळलेल्या धातूवर तरंगते आणि हवा आत शिरू देत नाही. निरोपात अर्धे सत्य असेल तर ते एवढेच: हा थर सांध्याला वाचवतो खरा, पण धातू लाल असेपर्यंतच. धातू निवला की त्याचे काम संपते. निवताना पोलाद आणि स्लॅग सारखे आकसत नाहीत, त्यामुळे स्लॅगला तडे जातात, तो मधल्या भागातून सहज सुटतो आणि वेल्डच्या दोन्ही कडांच्या खाचांत मात्र चिकटून बसतो. त्यावर लावलेला रंग पोलादाला धरत नाही, स्लॅगला धरतो, आणि स्लॅग निघाला की त्याच्याबरोबर जातो. शिवाय स्लॅगचे अवशेष अल्कधर्मी असतात, आणि आपण ग्रिलला जो ऑइल पेंट किंवा इनॅमल लावतो त्याच्यातील तेलाचा अंश ओलाव्यात अल्कलीशी भेटला की त्याचा अक्षरशः साबण होतो. समुद्राच्या खाऱ्या हवेला एवढी फट पुरते.

ज्यांना माझे म्हणणे पुरेसे वाटत नाही त्यांनी आयएसओ ८५०१ या मानकाचा तिसरा भाग पाहावा. रंगापूर्वी वेल्ड, कडा आणि पृष्ठभागाचे दोष किती साफ करायचे याच्या तीन पायऱ्या त्यात दिल्या आहेत. वेल्डिंगच्या वेळी उडालेल्या छर्‍यांच्या बाबतीत सर्वांत खालची पायरी थोडी सवलत देते. स्लॅगच्या बाबतीत मात्र तिन्ही पायऱ्यांत सवलत नाही, तो पूर्ण निघालाच पाहिजे.

काम कठीण मुळीच नाही. सांधा निवू द्यावा, चिपिंग हातोडीने स्लॅग फोडावा (डोळ्यांवर गॉगल हवाच, कपच्या थेट डोळ्यांकडे उडतात) आणि वायर ब्रश वेल्डच्या दोन्ही कडांच्या खाचांतून फिरवावा. आजूबाजूला चिकटलेले छर्रे छिन्नीने उडवावेत, कारण प्रत्येक छर्‍याच्या टोकावर रंग पातळ बसतो आणि गंज तिथूनच डोके काढतो. धारदार उंचवटे ग्राइंडरच्या फ्लॅप डिस्कने मोडावेत, पण पातळ पाइपवरचा वेल्ड सपाट दिसावा म्हणून घासून काढू नये, त्यात जोडाची ताकद जाते. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून फक्त टाके मारलेले असतील तर मधल्या फटीत ब्रश पोहोचत नाही. तिथे सलग वेल्ड करून घ्यावा, नाहीतर प्रायमरनंतर रंग धरणाऱ्या पॉलियुरेथेन सीलंटने फट बुजवावी. साधे सिलिकॉन नको, त्यावर रंग टिकत नाही. मग थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसून त्याच दिवशी प्रायमर लावावा: आधी सांधे आणि कडा ब्रशने, आणि त्यानंतर सगळ्या ग्रिलला.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच असते. ग्रिल गाळ्यातून येते तीच लाल रंगाने माखलेली, त्यामुळे त्याखाली काय आहे ते कळत नाही. ऑर्डर देतानाच सांगावे की प्रायमर लावण्याआधी सांधे पाहू, मगच पुढे.

वहिनींच्या ग्रिलची दुरुस्ती आता पाऊस सरल्यावर होईल. प्रत्येक सांध्याभोवतीचा रंग जिथपर्यंत घट्ट आहे तिथपर्यंत खरवडायचा, स्लॅग आणि गंज काढायचा, मीठ जावे म्हणून गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचे, मग सांध्यांवर झिंक फॉस्फेट प्रायमरचे दोन हात आणि त्यावर इनॅमलचे दोन. पावसाळ्यात हे करण्यात अर्थ नाही, कारण हवेतील ओल थंड लोखंडावर न दिसता जमते आणि आपण तिच्यावरच रंग मारतो.

दुसऱ्या मुद्द्यातील रसायनशास्त्र कोणी लिहिले असेल त्याला माझा नमस्कार. रेड ऑक्साइडमधील रंगद्रव्य लोहाचा ऑक्साइड आहे हे खरे. पण ते रेझिनमध्ये घोळलेली पूड असते, ते गंजात मुरत नाही आणि त्याला थांबवतही नाही. स्वस्त डब्यात गंजरोधक द्रव्य बहुधा नसतेच, म्हणून डब्यावर झिंक फॉस्फेट लिहिले आहे का ते पाहावे. प्रायमर गंजाला चिकटेल, पण गंजच लोखंडाला चिकटलेला नसेल तर त्याचा उपयोग काय? एवढे मात्र मान्य करतो की प्रत्येक ग्रिल चांदीसारखी चमकेपर्यंत घासण्याची गरज नसते. चाकूने आणि वायर ब्रशने जे सुटते ते काढले, की उरलेला पातळ, घट्ट गंज प्रायमरखाली चालून जातो. खपल्या आणि खड्डे मात्र नाही. खड्ड्यांच्या तळाशी क्षार असतात आणि ते रंगाखाली आपले काम चालूच ठेवतात. बाजारातील रस्ट कन्व्हर्टरही पातळ गंजापुरताच, तो जाड खपलीच्या आत पोहोचत नाही.

डिझेलबद्दल फार लिहीत नाही. ते प्रायमरमधल्या तेलासारखे वाळून घट्ट होत नाही, थर मऊ ठेवते आणि पुढचा हात धरू देत नाही. पातळ करायचेच तर डब्यावर सांगितलेला थिनर, सांगितला आहे तेवढाच. एकच जाड हात वरून सुकतो, आतून ओला राहतो आणि मग सुरकुततो. कडांवर तर तो मुळात पातळच बसतो, कारण ओला रंग धारेवरून मागे ओढला जातो.

राहिला गॅल्व्हनाइज्ड पाइप. समुद्रापासून दूर तो बराच काळ बिनरंगाचा टिकतो, पण खाऱ्या हवेत जस्त लवकर झिजते, आणि वेल्डिंग केले तिथे तर ते जळूनच गेलेले असते. वेल्डिंग करताना उठणारा पांढरा धूर जळणाऱ्या जस्ताचाच. तो श्वासात गेल्यास काही तासांनी थंडीताप येऊ शकतो, म्हणून काम उघड्यावर करवून घ्यावे. नंतर पांढरी पूड आणि स्लॅग काढून सांध्यावर झिंक-रिच पेंट लावावा. बाकी पाइपला रंग द्यायचा तर आधी जस्तावर पकड धरणारा एचिंग प्रायमर हवा, कारण ऑइल पेंट सरळ जस्तावर लावला तर काही महिन्यांत सालपटासारखा निघतो.