स्लोप काढा, पेपर काढा

चौदा मिलिसेकंदांवर एक पीएचडी, दोन परिषदा आणि एक सहायक प्राध्यापकपद उभं राहू शकतं. अट एवढीच की ते चौदा मिलिसेकंद टिकले पाहिजेत. ते कसे टिकवावेत, याविषयी कोणी मोकळेपणाने सांगत नाही. मी सांगतो.

प्रयोग आधी समजून घ्या. पडद्यावर क्षणभर ‘सुई’ दिसते, मग ‘दोरा’. समोर बसलेल्या विद्यार्थ्याने हा खरा शब्द आहे की ‘दोफा’सारखा बनावट, एवढंच बटण दाबून सांगायचं. सुईपाठोपाठ दोरा आला तर बटण जरा लवकर दाबलं जातं, मिठापाठोपाठ आला तर जरा उशिरा. यालाच प्रायमिंग म्हणतात, आणि आधी दिसलेला शब्द म्हणजे प्राइम. १९७१ साली मेयर आणि श्वानेव्हेल्ट यांनी ब्रेड-बटर, नर्स-डॉक्टर अशा जोड्या वापरून हे दाखवलं. तुम्ही ते मराठीत करताय, म्हणजे ‘अशा प्रकारचे पहिलेच संशोधन’ हे वाक्य तुम्हाला आपसूक मिळालं.

समजा तुमच्याकडे ४० विद्यार्थी आणि ६० शब्द आहेत. प्रत्येक शब्द निम्म्या मुलांना संबंधित प्राइमनंतर दिसतो, उरलेल्या निम्म्यांना असंबंधितनंतर. एकूण २४०० नोंदी. (चुकीची उत्तरं वगळली की त्या कमी होतात, पण हिशेबाच्या सोयीसाठी सगळी मुलं हुशार आहेत असं धरू.) सरासरी काढली: संबंधित असताना १४ मिलिसेकंदांचा फायदा. आता लॅपटॉपवर आर ही संख्याशास्त्राची भाषा उघडा, तिचं `lme4` पॅकेज लोड करा आणि हे लिहा:

```
lmer(rt ~ prime + (1 | subj) + (1 | item), data = d)
```

काय सुंदर मॉडेल आहे! `(1 | subj)` म्हणजे काही मुलं मुळातच मंद, काही चपळ, हे तुम्ही मान्य केलंत. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलगी देवनागरी वाचायला ९०० मिलिसेकंद घेते, रोज पेपर वाचणारा ५५० मध्ये उरकतो. `(1 | item)` म्हणजे ‘चहा’ पटकन ओळखला जातो आणि ‘सुपारी’ला वेळ लागतो, हेही मान्य केलंत. एवढा उदार माणूस दुसरा कोण? उत्तर येतं: परिणाम १४, स्टँडर्ड एरर म्हणजे त्याचा हेलकावा ५, पहिल्याला दुसऱ्याने भागून टी-मूल्य २.८. दोनाच्या वर गेलं की जिंकलं. पेढे आणायला हरकत नाही.

इथे एखादा खडूस सहकारी खांद्यावरून डोकावून म्हणेल, ‘अहो, मुलांचा वेग वेगवेगळा आहे हे ठीक, पण प्रायमिंग सगळ्यांना सारखंच होतं असं कोणी सांगितलं?’ त्याला चहाला बाहेर न्या. तो म्हणतो ते खरं आहे, म्हणूनच त्याला बाहेर न्यायचं. एखाद्या मुलाला सुईने दोरा ४५ मिलिसेकंदांनी जवळ येतो, दुसऱ्याला सुईचा काही पत्ताच नसतो, तिसऱ्याचा उलट उशीर होतो. शब्दांचंही तेच. ‘चहा’ दाखवलं की ‘बिस्किट’ धावत येतं. ‘अडकित्ता’ दाखवल्यावर ‘सुपारी’ तशी धावत येईल, हा तुमचा समज तुमच्या आजीच्या पानपुड्यावर बेतलेला आहे. या फरकांना मॉडेलमध्ये जागा द्यायची म्हणजे रँडम स्लोप घालायचा:

```
lmer(rt ~ prime + (1 + prime | subj) +
       (1 + prime | item), data = d)
```

घातलात तर काय होतं पाहा, म्हणजे घालायचा मोह होणार नाही. समजा मुलामुलांमधल्या प्रायमिंगच्या फरकाचं प्रमाण-विचलन ३० मिलिसेकंद आहे आणि शब्दाशब्दांमधलं ३५. मुलांमुळे येणारी अनिश्चितता ३० चा वर्ग भागिले ४०, म्हणजे साधारण २२. शब्दांमुळे येणारी ३५ चा वर्ग भागिले ६०, म्हणजे साधारण २०. नोंदींच्या साध्या गोंगाटामुळे आलेली २४-२५ आधीपासून होतीच. बेरीज ६७ च्या आसपास, तिचं वर्गमूळ ८.२. परिणाम तोच १४, पण स्टँडर्ड एरर ५ वरून ८.२ वर आणि टी-मूल्य १.७. पी-मूल्य ०.०९ च्या घरात, हवं होतं ०.०५ च्या खाली. पेढे परत करता येत नाहीत.

बारकाईने पाहिलंत तर यात अन्याय कुठे आहे ते कळेल. मुलांकडून येणारी अनिश्चितता कमी करायची तर मुलं वाढवावी लागतात, शब्दांकडून येणारी कमी करायची तर शब्द वाढवावे लागतात. त्याच ४० मुलांकडून त्याच ६० शब्दांची बटणं दहादा दाबून घेतली तर फक्त तिसरा आकडा खाली येतो, पहिले दोन ढिम्म हलत नाहीत. स्लोप नसलेलं मॉडेल मात्र २४०० नोंदी २४०० स्वतंत्र साक्षीदार असल्यासारखे मोजतं. एकाच घरातल्या माणसांना वेगवेगळ्या दारांनी आत सोडलं की सभा भरल्यासारखी दिसते, तसं. शब्दांच्या बाबतीतली ही गफलत हर्बर्ट क्लार्क यांनी १९७३ सालीच दाखवून दिली होती. म्हणजे वाचायला आपल्याला तेव्हापासून वेळ मिळालेला नाही.

समजा प्रायमिंग मुळात शून्यच आहे, फक्त मुलं आणि शब्द वर सांगितल्याइतके वेगवेगळे वागतात. असा प्रयोग शंभरदा केला, तर पाच वेळा खोटी आरोळी उठायला हवी. पण स्लोप नसलेलं मॉडेल स्टँडर्ड एरर ५ समजून बसलंय आणि खरा हेलकावा ८.२ चा आहे. त्यामुळे आरोळ्या साधारण तेवीस उठतात. पाचाच्या भावात तेवीस! असा व्यवहार भाजीबाजारात कोणी करू देणार नाही, संशोधनात चालतो.

आता मध्यममार्ग सांगतो, कारण मराठी माणसाला मध्यममार्ग भावतो. मुलांचा स्लोप ठेवा, शब्दांचा काढा. स्टँडर्ड एरर सुमारे ६.८५, टी-मूल्य २.०४, पी-मूल्य ०.०४८. काय नेमकं बसलं! समीक्षकाला दिसतं की माणसाने स्लोप घातलाय, सुशिक्षित आहे. शब्दांचा स्लोप का नाही, असं विचारलंच, तर ‘शब्दांवर तो लागू होत नाही’ असं ठोकून द्या. हे उत्तर शब्दाची वारंवारिता मोजत असाल तर बरोबर आहे, कारण एक शब्द एकाच वेळी रूढ आणि दुर्मिळ असू शकत नाही. इथे मात्र प्रत्येक शब्द दोन्ही प्राइमांनंतर आलेला आहे, तेव्हा स्लोप लागू होतो आणि लागतोही. पण हा फरक प्रयोगाची यादी उघडून पाहणाऱ्यालाच कळतो, आणि यादी तुम्ही परिशिष्टात टाकलेली नाही.

सर्वात मोठा आधार मात्र खुद्द संगणक देतो. पूर्ण मॉडेल चालवलं की कधी कधी लाल अक्षरात येतं:

```
boundary (singular) fit: see help('isSingular')
```

ही ओळ दिसली की आनंद लपवा आणि चेहरा गंभीर करा. तिचा अर्थ असा की एखादं विचलन शून्यावर टेकलंय, किंवा इंटरसेप्ट, म्हणजे मूळ वेग, आणि स्लोप यांचा सहसंबंध १ किंवा -१ ला चिकटलाय. मॉडेलने जितकं विचारलं तितकं सांगायला विदा पुरत नाही. मंद मुलांना प्रायमिंगचा फायदाही जास्त मिळतो, त्यामुळे सहसंबंध खरोखर असू शकतो, पण तो अचूक १ आला तर तो निसर्गाने दिलेला नाही. तुम्ही लगेच दोन्ही स्लोप उडवा आणि लिहा, ‘मॉडेल न जुळल्याने सोपे केले.’

काही चिकट लोक याऐवजी `VarCorr` उघडून नेमकं काय शून्यावर गेलंय ते बघतात. प्राइमला -०.५ आणि ०.५ असे आकडे देतात, मग दोन उभ्या रेघांनी `(1 + prime || subj)` लिहून आधी फक्त सहसंबंध काढतात आणि स्लोप राखतात. आकडे न देता ‘फॅक्टर’ ठेवूनच दोन रेघा मारल्या तर `lme4` मध्ये सहसंबंध तसाच मागच्या दाराने आत राहतो, हे मला एका रात्री दोन वाजता कळलं, तेव्हा मीही चिकट लोकांपैकी होतो. या मार्गाने बहुतेक वेळा इशारा जातो आणि ८.२ जवळपास ८.२ च राहतो. म्हणजे सगळा खटाटोप करून हाती तेच. म्हणून सांगतो, नादी लागू नका.

मॉडेल-निवडीचा खर्चही वाचवता येतो. बार, लेव्ही, शीपर्स आणि टिली यांनी २०१३ मध्ये लिहिलं की प्रयोगाची रचना परवानगी देते तेवढे सगळे स्लोप ठेवा. बेट्स, क्लीगल, वसिष्ठ आणि बायेन यांनी २०१५ मध्ये लिहिलं की विदेला झेपेल तेवढंच ठेवा, उगाच फुगवू नका. पुढे २०१७ मध्ये मातुशेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सगळे स्लोप ठेवण्याच्या हट्टापायी खरा परिणाम हातून निसटू शकतो. तिघांचं म्हणणं वाचलंत तर तुम्ही अडचणीत याल. त्यांच्यात एक गोष्ट समान आहे: स्लोप ठेवायचा की काढायचा, हे प्रयोगाच्या रचनेवरून किंवा विदेवरून ठरवायचं, प्रायमिंगच्या पी-मूल्याकडे बघून नव्हे. तुम्ही उलट करा. आधी पी-मूल्य बघा. पूर्ण मॉडेलमध्ये ते ०.०५ च्या खाली आलं तर २०१३ चा हवाला द्या, नाही आलं तर २०१५ चा. दोन्ही पीडीएफ डेस्कटॉपवर शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे धावपळ होत नाही.

आणि `anova()` लावून दोन मॉडेलांची तुलना करायचीच असेल, तर स्लोपची चाचणी ०.०५ च्या करड्या कसोटीवर घ्या. विचलन शून्याच्या खाली जाऊ शकत नसल्याने ही चाचणी आधीच कंजूष असते, त्यात कसोटी कडक ठेवली की खरा असलेला स्लोपही नापास होतो. मातुशेक मंडळी यासाठी ०.२ सारखी सैल कसोटी सुचवतात. पण तुम्हाला स्लोप नापासच हवाय ना? मग शिस्त कडक ठेवा. प्रामाणिकपणा एवढा उपयोगी क्वचितच पडतो.

एक खबरदारी मात्र घ्या. पूर्ण मॉडेलमधून प्रत्येक शब्दाचा स्लोप काढून आलेख काढू नका. `ranef` लावून ठिपके मांडले की वरच्या टोकाला चहा-बिस्किट, सुई-दोरा बसलेले दिसतात आणि तळाशी अडकित्ता-सुपारी. मग विचार सुरू होतात. माझ्या एका प्रयोगात शेवटची मुलगी हेडफोन काढता काढता म्हणाली होती, ‘सर, तो अडकित्ता म्हणजे नक्की काय असतं?’ मी तिला हातानेच कातरून दाखवलं, तिने सुपारी अशी चिरतात हे पहिल्यांदाच ऐकलं. असले प्रश्न वहीत नोंदवायचे नसतात. मी नोंदवला होता, आणि माझा तो पेपर अजून निघालेला नाही.