एनडीआर आला की ‘रीअटेम्प्ट’ दाबायच्या आधी फोन करा

आमच्या घरगुती व्यवसायवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा एकीने सल्ला दिला: “रोज सकाळी एनडीआरची यादी उघडायची, सगळ्यांवर टिक करायची, रीअटेम्प्ट दाबायचं, दोन मिनिटांत काम संपतं.” त्यावर पंधरा-वीस अंगठे पडले. मला हे अजिबात पटत नाही. ग्रुपवर एवढं लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी ठाण्यात, चरईत, घरूनच लहान मुलींचे खणाचे परकर-पोलके शिवून विकते. बहुतेक ऑर्डरी सीओडीच्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: कुरिअरवाला दारात गेला आणि पार्सल देता आलं नाही, की आमच्या पॅनलवर नॉन-डिलिव्हरी रिपोर्ट, म्हणजेच एनडीआर, पडतो. सोबत एक कारण असतं. ‘ग्राहक उपलब्ध नाही’, ‘पत्ता अपुरा’, ‘ग्राहकाने नकार दिला’, ‘पैसे तयार नाहीत’, असं काहीतरी. मग आपण सांगायचं, पुन्हा पाठवा की माल परत आणा. साधारण तीन प्रयत्न मिळतात. तिसराही फसला की पार्सल परतीला लागतं, त्याला आम्ही ‘आरटीओ झालं’ म्हणतो. वेळेत उत्तर दिलं नाही, तर कुरिअर आपल्या मनाने पुन्हा फेरी तरी मारतं नाहीतर माल परत फिरवतं.

म्हणजे आपल्या हातात मोजून दोन संधी उरलेल्या असतात. नुसतं रीअटेम्प्ट दाबलं तर त्यातली एक तशीच जाते, कारण पहिल्या वेळी जे आडवं आलं ते दुसऱ्या वेळीही तिथेच असतं. तोच पत्ता, तोच नंबर, तीच दुपार.

हे मी एका पार्सलवर शिकले.

गौरींच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. खारघरच्या एका ताईंची ऑर्डर होती. चार वर्षांच्या मुलीसाठी हिरव्या खणाचा परकर, लाल पोलकं, काठाला गोंडे. किंमत 1,150 रुपये, सीओडी. गुरुवारी दुपारी पहिला एनडीआर आला, ‘ग्राहक उपलब्ध नाही’. त्या दिवशी माझ्याकडे कापड बेतायचं काम साठलं होतं. मी रीअटेम्प्ट दाबलं आणि मशीनवर बसले. शुक्रवारी दुपारी पुन्हा तेच कारण. आता एकच फेरी उरली होती. संध्याकाळी मी फोन केला.

ताई चिडलेल्याच होत्या. “अहो, मी दोन्ही दिवस घरातून हलले नाही. मुलीला ताप होता. तुम्ही पाठवलंच नसेल!”

मला आधी वाटलं, डिलिव्हरीवाल्याने न जाताच खोटं कारण टाकलं. असं होतं, नाही असं नाही. म्हणून विचारलं, “दुपारी कुणाचा मिस्ड कॉल दिसतोय का?” त्यांनी बघितलं. शुक्रवारी दुपारी एका अनोळखी नंबरवरून एक कॉल येऊन गेला होता, पण मुलीला झोपवताना फोन सायलेंट होता. म्हणजे तो आला होता. मग मी विचारलं, “तुमच्या सोसायटीत गेटवर कसं विचारतात?” त्या म्हणाल्या, “अ‍ॅपवर नोटिफिकेशन येतं ना.” पुढच्या क्षणी त्यांनाच आठवलं. भाड्याने येऊन दोन महिने झाले होते आणि अ‍ॅपवर फ्लॅटसमोर अजून घरमालकांचाच नंबर होता. मालक पुण्यात. डिलिव्हरीवाला गेटवर उभा, परवानगी मागणारा मेसेज पुण्यातल्या माणसाच्या फोनवर, तो कशाला दाबेल होकार? पाच मिनिटं थांबून डिलिव्हरीवाल्याने ‘ग्राहक उपलब्ध नाही’ टाकलं आणि पुढे गेला. त्याच्या बाजूने तेही खरंच होतं. तेव्हापासून पॅनलवरचं कारण मी शेवटचा शब्द मानत नाही. त्याच्या यादीत असलेल्या पर्यायांतलं जे सगळ्यात जवळचं, ते त्याने निवडलेलं असतं. ‘गेटवर अडवलं’ हा पर्याय काही कुरिअरमध्ये असतो, पण घाईत तो शोधून कोण टाकणार?

मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. ताईंनी लगेच इंटरकॉमवरून वॉचमनकाकांना सांगितलं की उद्या माझ्या नावाने पार्सल येईल, अ‍ॅपचं उत्तर आलं नाही तर मला इंटरकॉम करा. वहीत नाव लिहून घ्यायलाही सांगितलं, कारण सकाळी शिफ्ट बदलते. त्यांच्या यजमानांचा नंबर मी पॅनलवर दुसरा नंबर म्हणून टाकला. आणि सूचनेच्या चौकटीत हे लिहिलं:

```
Gate app not working for this flat.
Ask guard to use intercom 1104.
Customer at home all day. Call from gate.
```

ही सूचना कशी लिहायची, याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे बऱ्याच जणी चुकतात. ती हबवर बसलेला माणूस आणि डिलिव्हरीवाला आपल्या फोनच्या छोट्या स्क्रीनवर वाचतो, तेही गाडीवर बसल्या बसल्या. ‘प्लीज लवकर डिलिव्हरी करा, कस्टमर नाराज आहे’ हे वाचून त्याला काय वेगळं करायचं ते कळत नाही. त्याला हवं असतं ते एवढंच: कुठे अडेल, तिथे कुणाला विचारायचं, कोणता नंबर लावायचा. अडचण पहिल्या ओळीत हवी, कारण कित्येकदा तेवढीच ओळ दिसते.

आणि वेळ. ‘संध्याकाळी 7 नंतर या’ असं मी पूर्वी लिहायचे. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या बायकांची ती खरी अडचण असते, पण तोवर बहुतेक डिलिव्हरीवाल्यांची फेरी संपलेली असते. तारीख पाळली जाते, तास क्वचितच. म्हणून वेळ मागण्यापेक्षा मी ग्राहकाला विचारते, दिवसा पैसे घेऊन कोण दार उघडेल? सासूबाई, शेजारच्या काकू, कुणीही. नाव आणि फ्लॅट नंबर मिळाला की तोच सूचनेत टाकते. कुणीच नसेल तर रविवार विचारते, पण त्या भागात रविवारी डिलिव्हरी होते का, हे आधी कुरिअरकडून खात्री करून.

सूचना त्याच रात्री गेली पाहिजे. दुसऱ्या दिवसाच्या फेरीची यादी हबवर सकाळीच तयार होते. दुपारी बारा वाजता टाकलेली सूचना त्या दिवशी निघून गेलेल्या पार्सलला लागत नाही. म्हणून माझे एनडीआरचे फोन संध्याकाळी 6 ते 8 मध्ये असतात आणि कुकर लावायच्या आत पॅनल भरून झालेलं असतं.

फोन कसा करायचा, हेही सांगते. ‘तुमचं पार्सल अडकलंय’ हे वाक्य तोंडातून काढू नका. फसवणारे लोक नेमकं हेच बोलतात, आणि ज्यांना असे कॉल येऊन गेलेत त्या फोन ठेवून देतात. मी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्याच परकराचा फोटो पाठवते, पॅक करताना काढलेला, त्यावर ‘मी ठाण्याहून बोलतेय, तुमचा हिरवा परकर माझ्याकडचा, दहा मिनिटांत फोन करते’ एवढंच. मग फोन. ओटीपीचा विषय मी काढत नाही. उलट त्यांनाच सांगते, ओटीपी आला तर तो पार्सल हातात घेताना समोरच्या डिलिव्हरीवाल्यालाच द्या, फोनवर मी मागितला तरी देऊ नका. ‘तुम्ही का नव्हता घरी?’ असं विचारलं की माणूस बचावाला लागतो. ‘काल तुम्हाला कुणाचा फोन आला होता का?’ असं विचारलं की सगळं बाहेर येतं.

काही वेळा बाहेर येतं ते असं की त्यांना आता नकोच आहे. मैत्रिणीने भेट दिला, किंवा साहेबांनी नाही म्हटलं. हे सांगायला त्यांना संकोच वाटतो, म्हणून फोन टाळतात. मी स्वतःहून म्हणते, “नको असेल तर मोकळेपणाने सांगा ताई, राग नाही.” मग पॅनलवर सरळ परत पाठवा सांगते. परतीचे पैसे तर लागतातच, पण उरलेल्या दोन फेऱ्यांचे दिवस वाचतात. सणाच्या मालाला हे दिवसच महाग पडतात. माझ्या दराने खारघरला जायचे 68 आणि यायचे 60, असे 128 रुपये जातात. एका परकरामागे मला सुटतात तीनशेच्या आसपास. पण गौरी उठून गेल्यावर परत आलेला परकर वर्षभर कपाटात बसतो, आणि पुढच्या वर्षी त्या मापाची मुलगी मिळेलच असं नाही.

फोन करूनही एक गाठ सुटत नाही, तीही सांगते. नवी मुंबईत सेक्टरचे नंबर प्रत्येक नोडला पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. सेक्टर 20 नेरुळला आहे, खारघरला आहे, कामोठ्यालाही आहे. एका बाईंनी पत्त्यात फक्त ‘सेक्टर 20, नवी मुंबई’ लिहून पिनकोड नेरुळचा 400706 टाकला होता, राहायच्या कामोठ्याला. पार्सल नेरुळच्या हबवर. मी फोन करून बरोबर पत्ता घेतला, पण पॅनलवर पत्ता बदलता येतो तो त्याच पिनकोडच्या आत. लँडमार्क, विंग, फ्लॅट, नंबर बदला, पिनकोड नाही. ते पार्सल परत मागवून नव्याने पाठवावंच लागलं. तिथे रीअटेम्प्ट दाबत बसण्यात काही अर्थ नव्हता, आणि फोनमुळे हे पहिल्याच दिवशी कळलं. आता ऑर्डर घेतानाच मी नोडचं नाव विचारते आणि पिनकोड वाचून दाखवते.

डिलिव्हरीवाला खरंच न जाता खोटं कारण टाकत असेल, तर त्यालाही फोनच उपयोगी पडतो. ग्राहक घरी, गेटच्या वहीत नोंद नाही, कॉल लॉग रिकामा. त्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट मागून घ्यायचा आणि रीअटेम्प्टसोबत तक्रार टाकायची. पण हे तिन्ही जुळल्याशिवाय मी तक्रार करत नाही. उन्हातान्हात पन्नास दारं चढणाऱ्या पोराच्या नावावर आपल्या अंदाजाने ठपका लावायला मन होत नाही. खारघरच्या वेळी मी ते करणारच होते, आणि पूर्ण चुकले असते.

ते पार्सल शनिवारी दुपारी पावणेदोनला पोहोचलं. वॉचमनकाकांनी इंटरकॉम केला, ताई खाली जाऊन घेऊन आल्या. रात्री फोटो आला. ताप उतरला होता, आणि पोरगी परकर घालून गोंडे मोजत बसली होती.