दुपारी एक ते चार

आमचं भाजणी-मेतकुटाचं दुकान दुपारी १ ते ४ बंद असतं. या वेळात आलेले फोन आता रेकॉर्डिंगवर जातात, म्हणजे मी झोपतो आणि माझा आवाज गल्ल्यावर बसतो. ही सोय करून देणारा भाचा म्हणाला, "मामा, तू फक्त एक छोटासा निरोप रेकॉर्ड कर." दोन मिनिटांच्या या कामात अख्खा रविवार गेला.

पहिला निरोप भरला ७० सेकंदांचा. दुकान बंद आहे, का बंद आहे, उधारी का बंद आहे, सुटे पैसे आणावेत, सगळं त्यात होतं. आठवड्याभरात अकरा जणांनी फोन केले. नऊ जणांनी नुसता सुस्कारा सोडला, एकाच्या घरी कुकरची शिट्टी झाली, आणि एकाने शेजारच्याला सांगितलं, "अजून बोलतोच आहे."

भाच्याने फर्मान काढलं, वीस सेकंदांत आटप. आधी दुकानाचं नाव, म्हणजे नंबर बरोबर लागलाय हे कळतं. मग काय सांगायचं ते. बीपचा उल्लेख अगदी शेवटी, कारण "बीपनंतर बोला" म्हटलं की लोक लगेच बोलू लागतात. पुढचं कोण ऐकतो?

दुकानात रेकॉर्ड केलं तर फ्रिजची घरघर आली आणि पत्र्याचे डबे घुमले. हिच्या मोबाइलवरून फोन लावून ऐकलं, तर माझं शिंगाड्याचं पीठ 'फिंगाड्याचं' झालेलं. साध्या फोन लाइनवर ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज जातच नाही, आणि स, श यांची बरीचशी धार त्याच्या वर. म्हणून शिंगाडा काढून टाकला. मग गोधड्यांचं कपाट उघडून त्यात डोकं घातलं. गोधड्या आवाज पितात, घुमू देत नाहीत. "अहो, हसून बोला," ही बाहेरून ओरडत होती, "रागावल्यासारखं वाटतंय!" हसल्याने आवाज खरंच उजळतो. मात्र कपाटात डोकं घालून एकटाच हसणारा नवरा शेजारणीने खिडकीतून पाहिला, त्याचं स्पष्टीकरण अजून चालू आहे.

सतराव्या प्रयत्नात जमलं: "नमस्कार, भाजणीचं दुकान! आत्ता आम्ही जेवायला गेलोय, चारला उघडतो. तुमचं नाव, काय हवं आणि किती ते सांगा. फोन नंबर सावकाश, दोनदा सांगा. साडेचारपर्यंत आम्ही फोन करू. आता बीप वाजेल, मग बोला."

सोमवारी चारला मोठ्या उत्साहाने निरोप ऐकायला बसलो. एकच होता, नेहमीच्या काकूंचा. बीप होईपर्यंत थांबल्या होत्या, सावकाश बोलल्या होत्या, सगळं दोनदा सांगितलं होतं.

"नाव तुम्हाला माहीतच आहे. नेहमीचं द्या, नेहमीइतकं. आणि हा फोन माझ्या जावेचा आहे, यावर करू नका."