काळ्या मण्यांचं वजन: आजोबा आणि नातवाच्या संवादावरील प्रतिक्रियेला उत्तर

मण्यांचं वजन सोन्याच्या भावात न धरणारे सराफ आजोबा आणि त्यांचा नातू यांच्यातला एक संवाद मी लिहिला होता. त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया आली:

"आजोबांचा प्रामाणिकपणा वाचायला गोड आहे, पण दुकानाचं भाडं त्यातून निघतं का? हॉलमार्क आल्यापासून सोन्यात फसवणूक उरलेलीच नाही, मग आजोबा सोडतात तरी काय? आणि सक्ती 2020 पासून नाही, 2021 पासून आहे. लिहिण्याआधी थोडी माहिती घ्यावी."

सालाची चूक माझीच. हॉलमार्कची सक्ती 16 जून 2021 पासून लागू झाली, दुरुस्त करतो. पण "थोडी माहिती घ्यावी" हा सूर मला खटकला. आमच्या घरात तीन पिढ्या सराफी आहे.

फसवणूक उरलेली नाही, हे तुम्ही कशाच्या आधारावर म्हणता? हॉलमार्क शुद्धता सांगतो. 916 म्हणजे हजार भागांत 916 भाग सोनं. पण दागिन्यात सोन्याखेरीज काय आहे आणि त्याचे पैसे कुणी भरले, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. संवादातला नातू नेमका यावरच अडतो.

मंगळसूत्रच घ्या. ओवून झाल्यावर काट्यावर 20 ग्रॅम भरतं. त्यातले काळे मणी, दोरा आणि वाट्यांत भरलेली लाख मिळून 3 ग्रॅम. सोनं 17 ग्रॅम. हिशेबाला सोपा म्हणून भाव ग्रॅमला 6,000 धरू. आजोबा 17 ग्रॅमचे 1,02,000 लावतात आणि 14 टक्के घडणावळ, म्हणजे 14,280. एकूण 1,16,280. समोरचा दुकानदार "घडणावळ फक्त 5 टक्के" अशी पाटी लावतो, पण 20 ग्रॅमवर. 1,20,000 अधिक 6,000, म्हणजे 1,26,000. जीएसटी दोन्हीकडे वेगळा. दागिना तोच, शिक्काही खरा, आणि तरी जवळजवळ दहा हजार जास्त. काचेचे मणी सोन्याच्या भावाने विकले गेले.

नातू म्हणतो, "आजोबा, गिऱ्हाईक 14 ऐकूनच उठतं." बरोबर आहे त्याचं. प्रामाणिकपणाची किंमत तिथेच, गल्ल्यासमोर मोजावी लागते, आणि ती खरी आहे. आजोबा ती नाकारत नाहीत. ते म्हणतात, "मोडायला आणेल तेव्हा बघ." कारण मोड घेताना तोच दुकानदार मणी काढतो, लाख वितळवतो आणि 17 ग्रॅमच धरतो. तीन ग्रॅम कुठे गेले हे गिऱ्हाइकाला तेव्हा कळतं, दहा-पंधरा वर्षांनी.

भाड्याचा प्रश्न संवादात नातवानेच आधी विचारला आहे. उत्तरही तिथेच आहे, वाचलं असतं तर सापडलं असतं.

तुमच्या घरचं एखादं बिल काढून बघा. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर धातूचं निव्वळ वजन वेगळं लिहिलेलं असायला हवं. एकच वजन असेल तर मणी कोणत्या भावाने घेतले ते विचारा. नवीन घेताना वाट्या आणि सोन्याचे मणी पटवेकऱ्याकडे ओवायला जाण्याआधीच काट्यावर ठेवायला सांगा. वाटीत लाख असेल तर ती किती, हेही तेव्हाच लिहून घ्या, कारण नुसत्या काट्यावर ती दिसत नाही.