तिसऱ्या क्रमांकाचा गोलफरक नेमके काय मोजतो?

युरो 2016 मध्ये सहा गटांतील प्रत्येकी पहिले दोन संघ थेट बाद फेरीत गेले आणि उरलेल्या चार जागा सहा तिसऱ्या संघांतून आधी गुण, मग गोलफरक पाहून भरल्या गेल्या. त्यात उत्तर आयर्लंडला शेवटची जागा मिळाली आणि अल्बानिया घरी परतला. दोघांचाही एक विजय, दोन पराभव, तीन गुण. फरक पडला तो केवळ गोलफरकाचा, कारण उत्तर आयर्लंडचा शून्य होता आणि अल्बानियाचा उणे दोन.

हा फरक आला कुठून, हे पाहण्यासारखे आहे. उत्तर आयर्लंडने युक्रेनला 2-0 असे हरवले, पण तो युक्रेन तिन्ही सामने हरला आणि त्याला एकही गोल करता आला नाही. अल्बानियाने रोमानियाला 1-0 असे नमवले. त्या रोमानियाने स्वित्झर्लंडशी बरोबरी साधली होती आणि यजमान फ्रान्सकडून 1-2 असा निसटता पराभव पत्करला होता. म्हणजे तळाचा संघ जितका दुबळा, तितका तिसऱ्याचा गोलफरक सुधारतो, आणि आपल्या गटात तळाला कोण असावे हे तर कोणताच संघ ठरवत नाही.

यावर एक उपाय युएफाने स्वतःच वापरलेला आहे. याच स्पर्धेच्या पात्रता फेरीत एका गटात पाचच संघ असल्यामुळे, तिसऱ्या संघांची तुलना करताना सहाव्या क्रमांकाच्या संघाविरुद्धचे निकाल वगळले गेले. तोच नियम येथे लावून तळाच्या संघाविरुद्धचा सामना वगळला, तर उत्तर आयर्लंड शून्य गुण व उणे दोन, आणि अल्बानिया शून्य गुण व उणे तीन. क्रम बदलत नाही. इतकेच काय, पुढे जाणारे चारही संघ तेच राहतात. मात्र अंतर दोन गोलांवरून एकावर येते, आणि फ्रान्सने अल्बानियाविरुद्धचा दुसरा गोल भरपाई वेळेत, 96व्या मिनिटाला केला होता, हे लक्षात घेतले की त्या एका गोलाचे वजन कळते.

तरीही या उपायाला मर्यादा आहे, कारण उरलेले दोन सामने पहिल्या दोघांविरुद्धचे असतात आणि उत्तर आयर्लंडसमोरची जर्मनी-पोलंड ही जोडी अल्बानियासमोरच्या फ्रान्स-स्वित्झर्लंडपेक्षा कठीण होती की सोपी, हे कोणतेही सूत्र सांगू शकत नाही. शिवाय दोन सामन्यांवर क्रम लावणे म्हणजे एका स्वैर फटक्यालाही निर्णायक करणे होय. म्हणून तळाचा निकाल सरसकट वगळावा, असे मी म्हणणार नाही. गुण तिन्ही सामन्यांचे धरावेत आणि ते समान झाले तरच, एकूण गोलफरकाआधी, पहिल्या दोन संघांविरुद्धचा हिशेब पाहावा. 2026 च्या विश्वचषकात बारापैकी आठ तिसरे संघ पुढे जाण्याची तरतूद असल्याने दार अधिक रुंद झाले आहे, पण आठव्या आणि नवव्या संघामधली रेघ याच गोलफरकाने ओढली जाऊ शकते.