सगळं फोल्डरमध्येच आहे, बघ

अर्धवट व्हिडिओ दुसऱ्या एडिटरच्या गळ्यात मारून तुम्हाला गावाला जायचंय? मग हॅन्डओव्हर नोट एका ओळीची ठेवा: "सगळं फोल्डरमध्येच आहे, बघ." त्यातला 'बघ' फार कामाचा. पुढे काहीही झालं तरी न बघणाराच दोषी.

आपलं उदाहरण शाळेच्या शताब्दीच्या बावीस मिनिटांच्या फिल्मचं घेऊ. त्याला आज प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरची `.prproj` फाइल तेवढी पाठवा, डिस्क मागाहून. त्या फाइलमध्ये फुटेज नसतंच, फक्त पत्ते असतात. तुमच्याकडची `E:` त्याच्याकडे `G:` झाली की टाइमलाइनभर लाल `Media Offline`. तो बिचारा पुन्हा लिंक करायला बसेल. इथे तुमची दूरदृष्टी कामी येते: दोन कार्डांची फुटेज `New folder` आणि `New folder (2)` मध्ये टाकलेली असावी. कॅमेऱ्याने दोन्ही कार्डांवर `C0001.MP4` पासूनच मोजायला सुरुवात केलेली असते. नाव जुळलं म्हणून तो खूश, आणि मुख्याध्यापकांच्या भाषणात लेझीम सुरू. फोल्डरांना 'कार्ड १, भाषणं' अशी नावं देणारे लोक असतात म्हणे. त्यांना दुसरी कामं नसावीत.

राहिलेल्या दुरुस्त्यांची यादी मात्र जरूर द्या, पण जुन्या एक्सपोर्टवरून केलेली. "४:१२ ला देणगीदारांचं आडनाव चुकलंय." ही यादी झाल्यावर तुम्ही सुरुवातीचे वीस सेकंद उडवलेत, म्हणजे ते आडनाव आता ३:५२ ला आहे. हे कुणाला सांगू नका. ४:१२ ला सध्या झेंडावंदन आहे; तो त्यात चूक शोधत बसेल. टाइमलाइनवर त्या जागी मार्कर ठेवला असता, आणि कापताना मार्करही सरकवायची सोय चालू असती, तर शोधावंच लागलं नसतं. पण मग मजा काय?

खरा ऐवज शेवटी. माजी विद्यार्थ्याची चाळीस मिनिटांची मुलाखत मोबाइलवर घेतलीय, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. मोबाइल सेकंदाला तीस फ्रेम म्हणतो खरा, पण मध्येच कमीजास्त करतो. त्यामुळे आवाज जुळवायला वाजवलेली पहिली टाळी जुळते आणि शेवटी ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असता, तर आवाज एकदा सरकवून भागलं असतं. हा वाढत जातो, म्हणून क्लिप आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून `Constant Framerate` करून घ्यावी लागते. मुलाखतीच्या पाच क्लिपांतल्या तुम्ही तीन केल्यात. कुठल्या तीन, ते तुमच्या डोक्यात आहे आणि डोकं उद्या कोकणात आहे.

रात्री अकराला त्याचा फोन येईल. उचला. मागे समुद्राचा आवाज येऊ द्या आणि शांतपणे म्हणा, "अरे, माझ्याकडे तर नीट दिसत होतं!"