सायकलच्या रिमला तेल लावू नका

«सायकलचा ब्रेक किंचाळतोय? दुकानदाराला पैसे देऊ नका. रिमवर खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळा, आवाज जागेवर बंद. ब्रेक धरत नसेल तर केबल ओढता येईल तेवढी ओढून आवळा. रबरावर पॉलिश पेपर मारा. मुलांना पुढचा ब्रेक वापरू देऊ नका, सायकल उलटते. सगळ्या पालकांना पाठवा.»

बेळगाव, निपाणी, चिकोडी असा नातेवाइकांच्या ग्रुपमधून फिरत हा मेसेज खानापूरला माझ्या ताईकडे पोचला आणि तिनं विश्वासानं लेकाच्या सायकलला तेल लावलं. «मामा, आवाज गेला,» असं भाचा फोनवर खुशीत सांगत होता. आवाज गेला, कारण ब्रेकच गेला होता. दुसऱ्या दिवशी नदीकडच्या उतारावर दोन्ही मुठी दाबूनही सायकल थांबेना, तेव्हा पोरगं पाय घासत कडेच्या मातीत उतरलं. गुडघे फुटले, एवढ्यावर निभावलं. म्हणून हे लिहितोय, आणि ज्यांनी तो मेसेज पुढे ढकललाय त्यांनी हेही पुढे पाठवावं.

तेलाचंच आधी बोलू. दाराची बिजागरी कुरकुरली की आपण तेल सोडतो, कारण तिथं घर्षण नको असतं. ब्रेकला घर्षणच हवं असतं. रबर रिमला घासून चाकाचा वेग खातं, दुसरं काहीही तिथं घडत नाही. त्या दोघांच्या मधे तेल गेलं की रबर नुसतं घसरत राहतं. वर ते तेल फडक्यानं पुसून निघत नाही, रबरात मुरतं. ताईनं रिम दोनदा पुसली होती, तरी मूठ दाबली की रिमवर ओलसर चकाकी उमटत होती. शेवटी रिम भांड्यांच्या साबणानं घासून, धुऊन, कोरडी केली आणि चारही रबरं नवीन घातली. डिस्क ब्रेकच्या सायकलला तर तेलाचं बोटही लागू देऊ नका, तिथले पॅड सहसा कायमचे वाया जातात.

तेलाला ब्रेकमध्ये जागा आहे, हे मान्य. पण ती रिमवर नाही. केबल ज्या नळीतून जाते तिच्या आत आणि ब्रेकचे हात ज्या खिळीवर फिरतात तिथं एखादा थेंब द्यावा. पावसाळ्यात नळीत पाणी जाऊन केबल गंजते, मूठ जड होते आणि सोडल्यावर रबर रिमपासून लवकर सुटत नाही. अशा वेळी तेल कामाचं आहे. एखादी तार तुटून केबलीचं टोक पिंजलं असेल तर मात्र तेल नको, केबलच बदला.

मग किंचाळण्याचं कारण काय? रबर रिमला चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं. हे सेकंदात शेकडो वेळा होतं आणि ब्रेकचा सगळा हात थरथरतो. तोच आवाज. बहुतेक वेळा रबराचं मागचं टोक आधी टेकत असतं, म्हणून थरथर वाढते. उपाय असा की पुढचं टोक, म्हणजे सायकल ज्या दिशेला जाते त्या बाजूचं, रिमला आधी टेकलं पाहिजे आणि मागच्या टोकाशी जेमतेम 1 मिमी फट राहिली पाहिजे.

भाच्याच्या सायकलला व्ही-ब्रेक आहेत. नवीन रबरं बसवताना नट फक्त हलेल इतपत सैल ठेवला. जुनं एटीएम कार्ड कापून त्याची पट्टी रबराच्या मागच्या टोकाखाली सरकवली. कार्डाची जाडी 0.76 मिमी असते, नेमकी हवी तेवढी. मग भाच्याला मूठ दाबून धरायला लावलं. रबर रिमवर टेकलं की उंची बघायची: पूर्ण रबर रिमच्या पट्टीवर बसलं पाहिजे आणि वरच्या काठाला 1 मिमी तरी रिम दिसली पाहिजे. टायरला लागलं तर टायर कापला जातो, खाली उतरलं तर आऱ्यांत शिरायची भीती. नट आवळताना रबर नटाबरोबर वळतं, म्हणून ते एका हातानं घट्ट धरून दुसऱ्या हातानं पाना फिरवायचा. इथंच सगळ्यांचं फसतं. मूठ सोडली, पट्टी काढली, चाक फिरवलं, ब्रेक मारला. आवाज नाही, आणि चाक जागच्या जागी थांबलं.

काही साध्या सायकलींत रबर तिरकं करायचे वायसर नसतात. तिथं रबराचं मागचं टोक पॉलिश पेपरनं थोडं घासून उतरतं करता येतं.

आता केबल. ताण वाढवला की रबर लवकर टेकतं. टेकल्यावर किती धरेल ते रबर, रिम आणि तुमच्या हाताच्या जोरावर ठरतं. म्हणून आधी मूठ जोरात दाबून बघा. ती दांड्याला टेकत असेल तर केबल सैल आहे किंवा रबर झिजलंय. मूठ मधेच घट्ट थांबते आणि सायकल तरी पुढे जाते, तर तक्रार रबराची किंवा रिमची आहे, केबल कितीही ओढा, फरक पडणार नाही. शिमानोच्या व्ही-ब्रेकच्या सूचनापत्रात दोन्ही बाजूंची मोकळी जागा मिळून 2 मिमी ठेवायला सांगितलंय. त्याहून कमी ठेवली की चाक जरासं आउट असलं तरी रबर सतत घासतं, आणि आमच्याकडची लाल माती अडकून रबर आणि रिम दोन्ही खाते. थोडाच ताण हवा असेल तर पाना नको, मुठीजवळ केबल जिथून आत जाते तिथला गोल नट बाहेरच्या बाजूला फिरवत न्या आणि त्याची चकती पुन्हा आवळा. एकच रबर घासत असेल, तर त्याच बाजूच्या हातावरचा छोटा स्क्रू पाव-पाव फेरा आत फिरवा, ते रबर रिमपासून लांब जातं.

पॉलिश पेपरचं म्हणणं मात्र खरं आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. रबराचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर दोन-चार हात मारावेत, आणि आत रुतलेले मातीचे नि धातूचे कण सुईनं काढावेत. पण तेल पिलेलं रबर पेपरनं सुधारत नाही.

पुढच्या ब्रेकची भीती घालणं चुकीचं आहे. ब्रेक मारल्यावर वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होऊन घसरतं आणि थांबवण्याचं खरं काम पुढचंच चाक करतं. उलटण्याचा धोका पुढची मूठ अचानक, एकदम दाबण्यात आहे. मुलाला दोन्ही मुठी एकत्र, हळूहळू वाढवत दाबायला आणि अंग थोडं मागे ठेवायला शिकवा.

आणि जे त्या मेसेजमध्ये नाहीच: चकचकीत लोखंडी रिम पावसात ओली झाली की सगळं नीट जुळवलेला ब्रेकही फार कमी धरतो. उतार यायच्या आधीच मुठी हलक्या दाबून काही फेरे पाणी पुसू द्या, मग जोर लावा. ॲल्युमिनियमची रिम यात बरीच बरी, तरी तिथंही सवय हीच ठेवा.